फॉर्मवरची सही आणि मुलांचे फोटो

"प्रवेश फॉर्मवर पालकांची सही झाली की मुलांचे फोटो-व्हिडिओ कुठेही टाकता येतात. ज्यांना नको, त्यांनी आधी लेखी कळवायचं. ग्रुप फोटोला तर परवानगी लागतच नाही."

हा मेसेज परवा माझ्या वहिनीला आला, तिच्या मुलीच्या शिबिराच्या ग्रुपवर. तिनं नोंदणीच्या वेळीच ‘फोटो नको’ असं लिहून दिलं होतं. तरी बक्षीस देताना पोरीचं नाव पुकारलेला व्हिडिओ संस्थेच्या पानावर आला. तिनं विचारलं, तर उत्तर हे! मी नागपुरात दर उन्हाळ्यात शिबिराच्या नोंदणीला बसते, त्यामुळे गप्प राहवत नाही.

सहीचं आधी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 6 सांगतं की संमती विशिष्ट कारणासाठी, विनाअट आणि स्पष्ट कृतीनं दिलेली हवी. म्हणजे न कळवणं हा होकार होत नाही. कलम 9 नुसार अठरा वर्षांखालच्या मुलासाठी ती पालकांकडूनच घ्यावी लागते. ही कलमं मे 2027 पासून लागू होणार, एवढं मान्य. पण वहिनीनं नकार लिहून दिला होता, तो पाळायला कायद्याची वाट कशाला पाहायची?

ग्रुप फोटोचं म्हणणं सगळ्यात घातक. एखाद्या आईनं स्वतःसाठी काढलेला फोटो कायद्याबाहेर राहतो, हे खरं. संस्थेनं पानावर टाकलेला राहत नाही. आणि तोंड धूसर केलं की झालं, असंही नाही. टी-शर्टवर शिबिराचं नाव, मागे मैदानाचा बॅनर, आवाजात मुलाचं नाव. ज्याच्यापासून लपवायचं, त्याला एवढं पुरतं. घरात ताब्याचा वाद चालू असेल, तर मूल सकाळी साडेसहाला कुठं असतं ते त्याला कळलंच.

चूक बहुतेक वेळा फॉर्मवर होत नाही, नंतर होते. फॉर्म कपाटात जातो आणि महिनाभरानं फोटो टाकतो तो, ज्यानं फॉर्म पाहिलेलाच नसतो. म्हणून आम्ही एक सही घेत नाही. छापील आठवणीसाठी, पालकांच्या ग्रुपसाठी आणि जाहीर पानासाठी अशा तीन वेगळ्या चौकटी ठेवतो, एकही आधीच भरलेली नसते. मागच्या वर्षी साठात सात जणांचा जाहीर पानाला नकार होता. त्यांच्या ओळखपत्राला पिवळी दोरी लावली. ग्रुप फोटो दोनदा काढला: आधी सगळ्यांचा, मग पिवळी दोरीवाले पाण्याच्या माठाकडे गेल्यावर उरलेल्यांचा. दोन्हींचे फोल्डर त्याच दिवशी वेगळे केले, आणि पानावर टाकणाऱ्याला फक्त दुसरं फोल्डर मिळालं. स्वयंसेवकांनी स्वतःच्या मोबाईलमधून काहीच टाकायचं नाही, हेही आधीच ठरवलं होतं.

दिलेली संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं, हेही कलम 6 मध्येच आहे. ‘लेखी अर्ज करा, समितीत ठेवू’ हे त्यात बसत नाही. वहिनीनं तर संमती कधी दिलीच नव्हती. तिनं आज एका ओळीचा मेसेज पाठवला आहे: व्हिडिओ आजच काढा, आणि कुणाकुणाला पाठवला ते सांगा.