आमदारसाहेबांना दुसरं पत्र लिहिण्याआधी हे वाचा

आमची सोसायटी ठाण्यात नौपाड्यातली, तळमजला अधिक तीन मजले. तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातला बीम गेल्या पावसाळ्यापासून लोखंडी जॅकवर उभा आहे. ओट्याला खेटूनच तो जॅक आहे, आणि पोळ्या लाटताना काकूंचा कोपर रोज त्याला लागतो. इमारत पाडून नवी बांधायची हे सगळ्यांना मान्य आहे. पण जमिनीच्या मिळकत पत्रिकेवर अजून मूळ मालकाचंच नाव आहे. संस्थेचं नाव लागल्याशिवाय करारावर सही करायची नाही, असं आमच्या वकिलांनी निक्षून सांगितलंय.

नाव लागायला हवं होतं. बिल्डरने जमीन हस्तांतरित करून दिली नाही म्हणून आम्ही मोफा कायद्याच्या कलम 11 खाली मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय होणारं हस्तांतरण, घेतलं. सक्षम प्राधिकाऱ्यांचा आदेश झाला, दस्त नोंदवला. फेब्रुवारी 2025 मध्ये नगर भूमापन कार्यालयात फेरफारासाठी अर्ज दिला आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतली. तिथून पुढे सगळं थांबलं. खिडकीवर उत्तर एकच, "साहेबांकडे आहे."

ऑगस्टमध्ये आम्ही आमदारांकडे गेलो. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून ते पत्र मीच लिहिलं होतं. तीन पानं. इमारतीचं वय, गळती, ज्येष्ठ नागरिक, बिल्डरने केलेला विश्वासघात, सगळं त्यात होतं. आमदारांनी त्याच दिवशी शिफारसपत्र दिलं. त्याचा शेवट नेहमीचाच होता, "नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी." ते पत्र मी स्वतः भूमापन कार्यालयात नेऊन दिलं, पोच घेतली आणि वाट बघत बसलो. चूक इथेच झाली.

नोव्हेंबरच्या शेवटी मी दुसरं पत्र लिहायला घेतलं, पहिल्याहून कडक. कार्यालय आमदारांच्या पत्रालाही किंमत देत नाही, असा त्याचा सूर होता. ते द्यायला गेलो तेव्हा स्वीय सहाय्यकांनी शांतपणे विचारलं, "काका, आधीच्या पत्राचं उत्तर बघितलंत का?"

मी म्हटलं, "उत्तर आलंच नाही."

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. आमदारांचं पत्र 4 ऑगस्टचं, कार्यालयाचं उत्तर 25 ऑगस्टचं. चारच ओळी होत्या: अभिहस्तांतरणाच्या आदेशातलं क्षेत्र आणि नोंदणीकृत दस्तातलं क्षेत्र यांत तफावत आहे, अर्जदारास त्रुटीपत्र दिलेलं आहे, पूर्तता न झाल्याने प्रकरण प्रलंबित आहे. हे उत्तर तीन महिने त्या कपाटात पडून होतं आणि मी तेवढा काळ कार्यालयाला शिव्या देत होतो.

लोकप्रतिनिधीच्या पत्राचं उत्तर लोकप्रतिनिधीलाच जातं, हे लक्षात घ्या. तुमचं नाव विषयात असलं तरी प्रत तुम्हाला येईलच असं नाही. नोव्हेंबर 2025 च्या शासन निर्णयाने आमदार-खासदारांच्या पत्रांची वेगळी नोंदवही ठेवायला आणि 2 महिन्यांत उत्तर द्यायला सांगितलंय. म्हणजे उत्तर तयार होण्याची शक्यता वाढली आहे. पण ते उत्तर आमदारांच्या कार्यालयातून तुमच्या हातात पडेल, ही व्यवस्था कुणीच केलेली नाही. तिथे रोज बदलीपासून शाळाप्रवेशापर्यंतची पत्रं येतात. तारीख आणि जावक क्रमांक सांगून तुम्हीच विचारायला हवं.

आता त्रुटीपत्र. ते आम्हाला कधीच मिळालं नव्हतं. कार्यालयात जाऊन जावक नोंदवही दाखवायची विनंती केली. तारखेपुढे पत्ता होता बिल्डरच्या जुन्या ऑफिसचा, जे बंद होऊन काही वर्षं झाली. दस्तावर पहिलं नाव त्याचं, म्हणून पत्ताही त्याचाच उचलला गेला. आणि तफावत कसली? आदेशात 648.2 चौरस मीटर, दस्तात 642.8. टंकताना आकड्यांची अदलाबदल. टिका नंबर बरोबर, सिटी सर्व्हे नंबर बरोबर, चतुःसीमा बरोबर. दस्त नोंदवताना मीही तो वाचला होता आणि माझ्याही नजरेतून सुटलं.

कडक पत्र मी तिथेच फाडलं आणि नवीन लिहिलं, एका पानाचं. त्याचा गाभा देतो:

"आपल्या दि. 4 ऑगस्टच्या पत्रास कार्यालयाने दि. 25 ऑगस्टला उत्तर दिले आहे. त्यात नमूद केलेले त्रुटीपत्र संस्थेस मिळालेले नाही, ते अन्य पत्त्यावर पाठवल्याचे जावक नोंदीवरून दिसते. तफावत दस्तातील टंकलेखनाची असून संस्था चूक दुरुस्ती दस्त करून देत आहे. तरी त्रुटीपत्राची प्रत संस्थेच्या पत्त्यावर मिळावी, आणि दुरुस्ती दस्त सादर झाल्यावर मूळ आवक क्रमांकाच्या अर्जावरच पुढील कार्यवाही होऊन हितसंबंधितांना नोटीस निघावी, असे कार्यालयास कळवावे ही विनंती."

"मूळ आवक क्रमांकाच्या अर्जावरच" हे शब्द मी मुद्दाम घातले. पूर्तता झाली नाही म्हणून जुना अर्ज निकाली काढतात आणि नवा करा म्हणतात. मग रांगेत पुन्हा शेवटून सुरुवात. आमच्या आधीच्या गल्लीतल्या सोसायटीचं हेच झालं होतं.

नोंद आमच्या नावे करून द्या, असं मात्र त्या पत्रात कुठेही नाही. हरकत आली तर सुनावणी होते आणि तो निर्णय अधिकाऱ्याने कागदपत्रांवर द्यायचा असतो. त्यात आमदारांना ओढणं चूक आहे. शिवाय समोरच्या पक्षाला उद्या दबावाचा मुद्दा आयता मिळतो. फाइल हलवा, असं आमदारांकडे मागता येतं. निकाल अमुक द्या, असं मागू नये, हे माझं ठाम मत आहे.

बरेच जण पत्रात 2005 च्या विलंब प्रतिबंध कायद्याचं कलम 10 घालतात. फाइल एका कर्मचाऱ्याकडे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं ते सांगतं. ते जरूर घाला, पण दोन गोष्टी बघून. न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणांना ही मुदत लागू नाही. आणि फाइल कुणाच्या टेबलावर कुठल्या तारखेपासून आहे हे ठाऊक नसेल, तर 7 दिवस मोजणार कुठून? ते कळायला माहिती अधिकारात अर्ज करून फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. मी तो अर्ज फेब्रुवारीनंतर दोन महिन्यांत केला असता तर आमदारांपर्यंत जायची वेळच आली नसती, असं आता वाटतं.

पत्र आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिलं, कारण नंतर आमदारसाहेब आणि त्यांचं निम्मं कार्यालय अधिवेशनाला नागपूरला जाणार होतं. सहाय्यकांनी आमच्यासमोर फोन लावला. त्यांच्या हातात बोलायला नेमकी गोष्ट होती, म्हणून बोलणं दोन मिनिटांत झालं. त्रुटीपत्राची प्रत दुसऱ्या दिवशी मिळाली. दुरुस्ती दस्ताला वेळ लागला, कारण बिल्डर येत नसल्याने त्याच्या वतीने पुन्हा सक्षम प्राधिकाऱ्यांचीच सही हवी होती. तो नोंदवला, जुन्याच आवक क्रमांकाला जोडून दिला, आणि या वेळी पोचेवर संस्थेचा पत्ता आणि माझा मोबाइल नंबर लिहून घेतला.

गेल्या सोमवारी नोटीस निघाली. हरकतीची मुदत अजून चालू आहे. काकूंच्या ओट्याशेजारचा जॅक अजून तिथेच आहे.