करंगळी कुठे आहे?

सोसायटीचा मेंटेनन्स भरताना हसणारा माणूस मी पुण्यात अजून पाहिलेला नाही. पण आमच्या क्लायंटचं ॲप मेंटेनन्स भरण्याचं असल्यामुळे जाहिरातीतल्या बाईने हसणं भाग होतं. कर्वे रोडच्या एका गल्लीत आमची साडेचार माणसांची जाहिरात एजन्सी आहे (अर्धा म्हणजे इंटर्न, तो दुपारनंतर येतो). क्लायंट बाणेरचा. फोटोशूटचं बजेट विचारलं तेव्हा तो प्रेमाने म्हणाला, "शूट कशाला? एआयवर काढा ना. दोन मिनिटांचं काम."

चित्र आता शब्दांतून निघतं, आणि ऑफिसात शब्दांचा पगार मला मिळतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्या दोन मिनिटांना नऊ दिवस लागले.

ब्रीफ साधं होतं. गॅलरीत बसलेली हसरी गृहिणी, हातात फोन, फोनवर ॲप. मी तसंच लिहिलं आणि चित्र आलं. आधी बोटं मोजली. पाच निघाली. सहा-सात बोटांचे दिवस आता बरेचसे सरले, हल्लीच्या चुका जरा खानदानी असतात. बाई फोनकडे बघून गोड हसत होती, आणि फोनचा स्क्रीन आमच्याकडे होता. म्हणजे ती मागच्या कव्हरकडे बघून हसत होती. शिवाय मागचे तीन कॅमेरेही स्क्रीनच्याच वरच्या कोपऱ्यात येऊन बसले होते.

यात मशीनचा दोष थोडा, आमचा जास्त. बाईचा चेहराही समोरून हवा आणि ती बघत असलेला स्क्रीनही आपल्याला दिसायला हवा, हे मधे आरसा ठेवल्याशिवाय जमत नाही. आमचे सर म्हणाले, "अरे, थोडा तिरका धरायला सांग ना." सांगितलं. मशीनने दोन्ही पक्षांचं समाधान केलं. फोनचा खालचा अर्धा भाग तिच्याकडे, वरचा आमच्याकडे, आणि मधे अर्धवट भाजलेल्या पापडासारखी वळी. फोन ही कडक वस्तू आहे, ती वळत नाही, हे या मशीनला कोणी शिकवलेलं नसतं. त्याने असंख्य फोटो पाहिलेले असतात आणि कशाशेजारी काय येतं याचा त्याला अंदाज असतो, एवढंच. बाकी त्याचा स्वभाव सोसायटीच्या सेक्रेटरीचा आहे. कुणालाच नाही म्हणायचं नाही.

शेवटी चेहऱ्यावर पाणी सोडलं. कॅमेरा बाईच्या खांद्यामागे नेला. आता फक्त हात, फोन आणि मागे अंधुक कुंड्या. क्लायंटला वाईट वाटलं. "पण मग ती हसतेय हे कळणार कसं?" मी म्हणालो, हातावरून कळेल. त्याने ते लिहून घेतलं.

इथून खरा वनवास. मी लिहिलं, "सुंदर, अचूक, नैसर्गिक, हुबेहूब हात." हात खरंच सुंदर आला, मेंदी प्रदर्शनात ठेवावा असा. फक्त फोन त्याने धरलेला नव्हता. तो बोटांपुढे दोन सेंटिमीटर हवेत तरंगत होता. विशेषणांनी फोन धरता येत नाही, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी समजलं. मग मी सूचनांवर आलो. "सहावं बोट नको. वाकडा अंगठा नको." लगेच वाकडा अंगठा हजर. यातल्या बऱ्याच मशीनांना 'नको' हा शब्द धड कळत नाही. अंगठा कळतो, वाकडा कळतो, की झालं काम. पाहुण्यांसमोर मामाच्या टकलाबद्दल बोलू नकोस असं पोराला बजावावं आणि पोराने दारातच विषय काढावा, तसं. नको असलेल्या गोष्टींसाठी काही ठिकाणी वेगळी चौकट असते, तिथे लिहिलं तर चालतं. मुख्य वर्णनात मात्र जे हवंय तेच लिहायचं.

हवंय काय, हेच तर मला माहीत नव्हतं. दिवसातून शंभरदा फोन धरतो, पण कुठलं बोट कुठे असतं? घरी निरीक्षण सुरू केलं. आई फोन आरतीच्या तबकासारखा डाव्या तळव्यावर आडवा ठेवते आणि उजव्या तर्जनीने त्याला टोचते. बाबा चष्मा कपाळावर ढकलून तो हात लांबवून धरतात, पत्रिका जुळवल्यासारखे. खालचा वॉचमन टोस्टसारखा तोंडापुढे धरून त्याच्या खालच्या कडेशी बोलतो. जाहिरातीत यातलं काहीच चालणार नव्हतं. उरली बायको.

"नेहमी धरतेस तसा धर."

"नेहमी कसा धरते?"

"तेच बघायचंय."

ती स्वतःच्या हाताकडे बघायला लागली आणि फोन सटकला. मी तो सोफ्यावरच्या उशीसकट झेलला. "तू बघत असलास की मला धरता येत नाही," ती म्हणाली. खरं होतं. मग संध्याकाळी अमृततुल्यच्या बाकड्यावर बसून मी अनोळखी लोकांचे हात न्याहाळले. चहा दोन कप झाला, एका काकांनी "काय हवंय?" असं विचारलं, पण पकड सापडली. एका हाताने फोन धरणारा माणूस मूठ आवळत नाही. अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर एक कड टेकते, दुसऱ्या कडेवर तीन बोटांची टोकं येतात आणि करंगळी बऱ्याचदा फोनच्या बुडाखाली आधाराला जाते. म्हणजे समोरून पाचही बोटं सुटीसुटी दिसतच नाहीत. मी आजवर "पाच बोटांचा हात" असं लिहित होतो आणि मशीन इमानेइतबारे पाचही बोटं स्क्रीनच्या कडेला मांडून ठेवत होतं, भाजीवालीने भेंडी मांडावी तशी.

दुसरी गोष्ट हाताची. स्क्रीन आपल्याला दिसत असेल तर डाव्या हाताचा अंगठा चित्रात डावीकडे येतो, उजव्याचा उजवीकडे. फोनची पाठ दिसत असेल तर बरोबर उलटं. मी 'डावा हात' एवढंच लिहिलं की मशीन हात डावीकडून आणायचं आणि अंगठा उजवीकडे लावायचं. चित्र पाहणाऱ्याला काय चुकलंय हे सांगता येत नाही, नुसतं कसंतरी होतं. म्हणून हाताचं नाव लिहून थांबायचं नाही, अंगठा चौकटीच्या कुठल्या बाजूला तेही लिहायचं.

तिसरं मला आमच्या इंटर्नने सांगितलं, दुपारनंतर. आम्ही वापरत होतो त्या जातीची मशीनं चित्र थेट पिक्सेलमध्ये रचत नाहीत. आठ बाय आठ पिक्सेलचं एक घर, अशा आखलेल्या जाळीवर रचतात. गॅलरी, कुंड्या, झोपाळा आणि अख्खी बाई 1024 पिक्सेलच्या चित्रात बसवली की बोटाचं टोक जेमतेम 12 पिक्सेलचं होतं. म्हणजे दीड घर. दीड घरात नख, पेर आणि सावली कुठून येणार? कॅमेरा जवळ नेऊन मनगटापासून पुढचाच हात घेतला, तर तेच टोक 80 पिक्सेलचं, दहा घरांचं होतं. पेठेतल्या खोलीतून एकदम बंगल्यात गेल्यासारखी बोटं मोकळी झाली.

राहिला स्क्रीन. अंगठा स्क्रीनवर आडवा आला की फोनची कड त्याच्याखाली जाते ती एका रेषेत आणि बाहेर येते ती दुसऱ्या. डोळ्यांना पटकन कळत नाही. मी मुलीच्या कंपासमधली फूटपट्टी मॉनिटरला लावून तपासत बसायचो. सरांनी एकदा दारातून पाहिलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. उपाय असा सापडला की अंगठा कडेवरच विसावलेला ठेवायचा आणि फोनचे चारही कोपरे उघडे ठेवायचे.

ॲपचा मजकूर मशीनकडून काढून घेण्याच्या फंदात पडू नये. आमच्या चित्रात 'देय रक्कम'चं 'देथ रक्रम' झालं होतं. स्क्रीन कोराच मागायचा आणि ॲपचा खरा स्क्रीनशॉट नंतर फोटोशॉपमध्ये चार कोपरे ओढून बसवायचा. मी हुशारीने हिरवा स्क्रीन मागितला, सिनेमावाले पडदा लावतात तसा. बोटांवर हिरवा उजेड पडला आणि बाई रंगपंचमीहून परत आल्यासारखी दिसली. काळा मागितला तर स्क्रीनशॉट उजळ आणि बोटं अंधारात, चिकटवलेलं लगेच कळतं. फिकट राखाडी, सौम्य उजळलेला स्क्रीन सगळ्यांत बरा. बोटांच्या आतल्या कडेवर तेवढाच उजेड येतो आणि वर काहीही बसवा, खपतं.

शेवटचं वर्णन मी इंग्रजीत टाइप केलं, पण मजकूर असा होता: "खांद्यामागून जवळचं दृश्य. डाव्या हातात उभा धरलेला फोन, कडा सरळ, चारही कोपरे दिसतात. अंगठा चित्राच्या डावीकडे, फोनच्या डाव्या कडेवर विसावलेला, काचेवर नाही. उजव्या कडेवर तीन बोटांची टोकं किंचित वळलेली. करंगळी फोनच्या बुडाखाली, दिसत नाही. पकड सैल. स्क्रीन कोरा, फिकट राखाडी. मागे अंधुक गॅलरी." यात एकही 'सुंदर' नाही.

बारा चित्रं काढली. सातांत फोन अजून तरंगत होता किंवा अंगठा चुकीकडचा होता, तीन फूटपट्टीत नापास झाली, एकात बाईच्या मनगटाला दोन घड्याळं होती. बारावं उभं राहिलं. मधल्या बोटाचं नख जरा लांबट होतं, तेवढाच भाग ब्रशने रंगवून पुन्हा काढून घेतला. आजूबाजूचं काही हललं नाही. स्क्रीनशॉट बसवला, अंगठ्याची बारीक सावली कडेला सोडली, आणि रात्री साडेअकराला फाइल पाठवली.

सकाळी क्लायंटचा फोन. "छान झालंय. पण एक मोठी चूक आहे."

"कुठली?"

"बोटं मोजली मी. चारच आहेत."

"सर, करंगळी फोनच्या खाली आहे."

"पण दिसत नाही ना! लोक म्हणतील, एआयने बोट खाल्लं."

मी नऊ दिवसांचा संयम गोळा केला. "सर, तुम्ही आत्ता स्पीकरवर आहात ना? फोन हातातच आहे?"

"हो."

"मग जरा स्वतःच्या हाताकडे बघा, आणि तुमची करंगळी कुठे आहे ते सांगा."

थोडा वेळ शांतता होती. मग फरशीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद पडला.