डॉक्टरांनी गोळी बदलली? जुनी येऊ द्या की घरपोच, तिनं काय घोडं मारलंय

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली की काहीही करायचं नाही, हा माझा पहिला आणि खरं तर एकमेव सल्ला. फार्मसीला फोन नाही, अ‍ॅप उघडायचं नाही, गाडीत बसायचं, घरी यायचं आणि चहा टाकायचा. अमेरिकेत सगळं कम्प्युटराइज्ड आहे, डॉक्टरांनी तिकडे टिचकी मारली की इकडे आपोआप जुनी गोळी बंद होते, असा ठाम विश्वास मनात ठेवायचा. आम्ही न्यू जर्सीत वीस वर्षं राहून तो ठेवला होता, मग तुम्हाला काय हरकत आहे.

आमच्या ह्यांना नोव्हेंबरात लिसिनोप्रिल सुरू झालं, २० मिलीग्रॅम, रोज सकाळी एक. हे इन्शुरन्सच्या टपाली फार्मसीतून, म्हणजे एकदम ९० दिवसांची बाटली घरपोच आणि पुढे ३ रिफिल. फॉर्मवर ऑटो-रिफिलच्या चौकोनात टिक मीच केली होती, मोठ्या अभिमानानं, कारण ह्यांना स्वतःच्या गोळ्या संपल्याचं तीन दिवसांनी कळतं. जानेवारीपासून ह्यांना कोरडा खोकला लागला, रात्री दीड वाजता जो सुरू व्हायचा तो शेजारच्यांच्या कुत्र्याला जाग आणेपर्यंत. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, हा या गोळीचाच खोकला, होतो काही लोकांना. ही बंद करा, लोसार्टन ५० सुरू करा. आणि आजच सुरू करायचं म्हणून नवीन प्रिस्क्रिप्शन पाठवलं कोपऱ्यावरच्या फार्मसीत, टपालवाल्यांकडे नाही.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण गंमत इथेच आहे. डॉक्टरांनी त्यांच्या कम्प्युटरवर लिसिनोप्रिलपुढे 'बंद' केलं, प्रिंटआउटवरही तसं छापून आलं, सगळं रीतसर. पण तो 'बंद' त्यांच्या दवाखान्याच्या फायलीत झाला. फार्मसीला जुनं प्रिस्क्रिप्शन रद्द करा असं सांगणारा एक वेगळा इलेक्ट्रॉनिक मेसेज असतो, CancelRx नावाचा, तो दवाखान्याच्या सिस्टिममध्ये चालू असावा लागतो, फार्मसीच्या सिस्टिमलाही तो घेता यावा लागतो, आणि मधल्या मधे कुणी विसरून चालत नाही. नवीन प्रिस्क्रिप्शन पाठवलं म्हणजे जुनं आपोआप मेलं असं काही नाही. टपाली फार्मसीच्या दृष्टीनं आमचं लिसिनोप्रिल ठणठणीत जिवंत होतं, २ रिफिल शिल्लक, पुढची तारीख मे महिना. कारण ऑटो-रिफिल तुमच्या तब्येतीला जोडलेलं नसतं हो, ते बाटलीवरच्या त्या Rx नंबरला, म्हणजे प्रिस्क्रिप्शनच्या नंबरला, जोडलेलं असतं. नंबर चालू तर पार्सल चालू.

आणि कोपऱ्यावरच्या फार्मसीला फक्त लोसार्टन दिसतं. दोन्ही गोळ्या एकाच दुकानात असत्या तर तिथला कम्प्युटर ओरडला असता की अहो एकाच कामाच्या दोन गोळ्या, मग फार्मासिस्टनं डॉक्टरांना फोन तरी केला असता. म्हणून माझा पुढचा सल्ला, औषधं दोन वेगवेगळ्या फार्मसीत नक्की विभागून ठेवा, म्हणजे एकीला दुसरीचा पत्ता लागत नाही आणि शांतता राहते.

ह्यांनी आज्ञाधारकपणे लिसिनोप्रिल बंद केलं, उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये. टाकायच्या नाहीत हं, पैशाची वस्तू आहे! आमच्याकडे ड्रॉवरच्या गोळ्यांचं भवितव्य ठरलेलं असतं, डिसेंबरात कुणीतरी पुण्याला जाणार, तिथं मोठ्या दिरांना बीपी आहेच, 'बीपीचीच आहे, चालेल की'. दिरांची किडनी कशी आहे, ते आधीच काय घेतायत, असले क्षुद्र प्रश्न बॅग भरताना विचारायचे नसतात.

मग मेच्या पहिल्या आठवड्यात पार्सल आलं. त्याआधी ईमेल आला होता म्हणे, 'तुमची ऑर्डर लवकरच निघेल', तो कूपनांच्या फोल्डरमध्ये पडला. तुम्हीही तसलेच ईमेल तिकडे पडू द्या, कारण ऑर्डर थांबवायची असली तर तेवढेच चार दिवस हातात असतात, एकदा 'प्रोसेसिंग' दिसायला लागलं की अर्जुनाच्या बाणासारखं, सुटला तो सुटला. आणि एकदा घरात आलेलं औषध फार्मसी परत घेऊन दुसऱ्याला विकू शकत नाही. पण आम्ही कशाला थांबवतोय, पावतीवर लिहिलं होतं, तुमचा हिस्सा शून्य डॉलर. अहो शून्य! २० डॉलर असते ना तर ह्यांनी तासभर होल्डवर राहून भांडण केलं असतं. शून्याला कुणी प्रश्न विचारत नाही, फुकट ते पौष्टिक.

ह्यांचं लॉजिक असं की गोळी बंद असती तर पाठवली कशाला असती, म्हणजे डॉक्टरांनीच परत सुरू केलेली दिसते. बाटलीवर डॉक्टरांचं नाव होतंच. शिवाय या खेपेला गोळी वेगळ्या कंपनीची, रंग वेगळा, त्यामुळे ही ड्रॉवरमधलीच आहे हे ओळखायलाही आलं नाही, आणि लिसिनोप्रिल काय, लोसार्टन काय, 'ल' ची बाराखडी आहे सगळी. सात दिवसांच्या त्या डबीत दोन्ही जाऊन बसल्या, सोमवार ते रविवार, गुण्यागोविंदानं.

या दोन गोळ्या शरीरातल्या एकाच साखळीवर वेगवेगळ्या जागी घाव घालतात. दोन्ही घेतल्या की बीपी दुप्पट छान होत नाही, किडनीवर ताण येतो आणि रक्तातलं पोटॅशियम साचत जातं. या जातीच्या गोळ्या काहींना एकेकट्या आणि काहींना दोन्ही एकत्र देऊन २५ हजारांहून जास्त लोकांवर ऑनटार्गेट नावाचा मोठा अभ्यास झाला होता, २००८ मध्ये निकाल आला, दोन्ही एकत्र घेऊन फायदा जास्तीचा काही नाही आणि किडनीचे त्रास मात्र जास्त. पण ते डॉक्टर लोकांसाठी, आपल्याला काय त्याचं.

लक्षणांकडे कसं दुर्लक्ष करायचं हे आमच्याकडून शिका. गेलेला खोकला दोन-तीन आठवड्यांत परत आला, आम्ही म्हटलं परागकणांची अ‍ॅलर्जी, जर्सीत सगळ्यांनाच होते. आलं-मध झालं, अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं. सकाळी पलंगावरून उठताना ह्यांना गरगरायचं, त्याला मी 'पाणी कमी पिता' हे निदान दिलं आणि नारळपाणी सुरू केलं. आणि बीपी आहे म्हणून घरात लो सोडियम मीठ मीच आणलं होतं, ज्यात सोडियम काढून काय घातलेलं असतं तर पोटॅशियम. म्हणजे पार्सलनं जी कसर ठेवली होती ती मी आमटीतून भरून काढत होते.

जूनमध्ये रुटीन रक्ततपासणी झाली, पोटॅशियम ५.८. साधारण ५ च्या आसपास वरची मर्यादा धरतात. संध्याकाळी सहाला दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन, आणि इथं लोक उगाच संध्याकाळी सहाला फोन करत नाहीत. नारळपाणी आणि ते मीठ तिथल्या तिथे बंद, उद्या परत रक्त, आणि घरात आहेत तेवढ्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा. टेबलावर बाटल्या मांडल्यावर डॉक्टरांनी फक्त दोन बोटांनी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ती नजर मला पाठ आहे.

आता रद्द करण्याची पद्धत. काही जण फोनवरून अ‍ॅपच डिलीट करतात, ही उत्तम, नोटिफिकेशन बंद होतात आणि पार्सलं चालू राहतात. काही जण चिडून सगळंच ऑटो-रिफिल बंद करतात, मग कोलेस्टेरॉलची गोळी संपून महिना झाल्याचं पुढच्या रिपोर्टमध्ये कळतं. मी मध्यम मार्ग घेतला, फोन केला आणि म्हटलं 'ऑटो-रिफिल कॅन्सल करा'. त्या पोरीनं केलं, गोड आवाजात अजून काही मदत करू का विचारलं, मी नको म्हटलं.

तिथंच शेण खाल्लं. ऑटो-रिफिल बंद करणं आणि प्रिस्क्रिप्शन बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यानं गोळी आपणहून येत नाही एवढंच, प्रिस्क्रिप्शन फायलीत तसंच जिवंत राहतं, उद्या कुणी अ‍ॅपमध्ये 'सगळे रिफिल मागवा' दाबलं की हजर. बाटलीवरचा Rx नंबर वाचून दाखवून म्हणायला हवं होतं की डॉक्टरांनी हे औषध थांबवलंय, हे प्रिस्क्रिप्शनच इनअ‍ॅक्टिव्ह करा आणि याचं ऑटो-रिन्यूअलही काढा. आणि डॉक्टरांकडे, रद्द केल्याचं फार्मसीला तुम्हीही कळवा, आणि लिसिनोप्रिलनं खोकला येतो हे अ‍ॅलर्जीच्या यादीत चढवा. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमध्ये बघायचं, ती गोळी अजून 'रिफिल शिल्लक' म्हणून दिसते का. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम, होल्डवरचं संगीत धरून. आणि करायचं ते डॉक्टरांच्या पार्किंग लॉटमधूनच, कारण घरी गेलं की चहा टाकला जातो.

हे ऑटो-रिन्यूअल काय प्रकरण आहे ते मला ऑक्टोबरपर्यंत माहीतच नव्हतं. इथं साधारण वर्षभरानं प्रिस्क्रिप्शनची मुदत संपते. मुदत संपत आली की टपाली फार्मसी आपणहून दवाखान्याला विचारते, या पेशंटचं हे औषध पुढे चालू ठेवायचं ना? दवाखान्यात अशा विनंत्यांचा रोज ढीग येतो, कुणीतरी भराभर 'मंजूर' दाबत जातं. मंजूर झालं की ते नवीन प्रिस्क्रिप्शन, त्याला नवीन नंबर, आणि मी बंद केलं होतं ते जुन्या नंबरचं. म्हणजे आत्मा तोच, फक्त वस्त्र बदललं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. लिसिनोप्रिल, २० मिलीग्रॅम, ९० गोळ्या, ३ रिफिल. ह्यांनी कात्री घेऊन पाकीट उघडायच्या आत मी ते हातातून काढून घेतलं आणि फोन लावला, बाटलीवरचा नंबर समोर धरून. होल्डवर होते तर हे मागून पावती वाचत म्हणतात, "अगं पण हे बघ, शून्य डॉलरच आहे ना."