कोळशाच्या गोळ्या का दिल्या नाहीत: १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू: "दोन वर्षांच्या भाचीने माझ्या बहिणीच्या लोहाच्या लाल गोळ्या खाल्ल्या, दहा-बारा तरी. धावत या मेडिकलवर गेलो, कोळशाच्या गोळ्या मागितल्या. कपाटात समोर दिसत होत्या तरी दिल्या नाहीत. 'आधी हॉस्पिटलला न्या' एवढंच. तिथे पोचेपर्यंत उलट्या थांबून ती खेळायला लागली होती, तरी ॲडमिट करून घेतलं. कोळसा सगळं विष शोषतो, मग दिला असता तर काय बिघडलं असतं? १ स्टार."

नमस्कार दादा,

त्या गोळ्या आम्ही पोटातल्या गॅससाठी ठेवतो. तुमच्या भाचीच्या पोटात जे गेलं होतं त्यावर त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. काउंटरवर उभं राहून हे समजावत बसलो असतो तर तुमचीच दहा मिनिटं गेली असती, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

औषधी कोळसा म्हणजे करवंटीचा किंवा लाकडाचा कोळसा ८००-९०० अंशांवर वाफेत तापवून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात. एक ग्रॅम कोळशातल्या या छिद्रांच्या भिंती पसरून मांडल्या तर जवळपास दहा गुंठे भरतील. पॅरासिटामॉल किंवा फिटांच्या काही औषधांचे रेणू आतड्यात या भिंतींना चिकटतात आणि रक्तात जायच्या ऐवजी काळ्या शौचातून बाहेर पडतात. ही पकड सैल असते, चिकटलेलं सुटूही शकतं. म्हणून कोळसा विषाच्या साधारण दहापट लागतो. मुलाला किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२ ग्रॅम. गॅसच्या एका गोळीत पाव ग्रॅमच्या आसपास कोळसा असतो. पन्नासेक गोळ्या चारणार कशा? आणि तोही शक्यतो पहिल्या तासात, पूर्ण शुद्धीत असलेल्या मुलालाच. गुंगीतल्या मुलाने उलटी केली आणि कोळसा फुप्फुसात गेला तर दुसरंच संकट. जिथे कोळसा चालतो तिथेही तो हॉस्पिटलमध्येच द्यायचा, तो यासाठी.

लोहाची गोष्ट मुळातच वेगळी. जठरातल्या आम्लात गोळी विरघळली की लोहाचे विद्युतभारित आयन होतात आणि पाण्याचे रेणू त्यांना घट्ट वेढून घेतात. कोळशाच्या भिंतीला ते धरवतच नाहीत. लिथियम आणि पोटॅशियमचंही तेच. दारूचे रेणू लहान, पाण्यात सहज मिसळणारे, तेही निसटतात. संडास धुवायचं ॲसिड लागल्या जागी जाळून मोकळं होतं, वर कोळशाच्या काळ्या थरामुळे दुर्बिणीतून जखम दिसत नाही ते वेगळंच. रॉकेलमध्ये भीती फुप्फुसांची असते, आणि कोळशाने उलटी झाली तर तेच रॉकेल श्वासनलिकेत उतरायचं.

आता हिशेब मांडू. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. १२ गोळ्यांचं झालं ७२० मिलिग्रॅम. भाचीचं वजन मला माहीत नाही. दोन वर्षांचं मूल १२ किलोचं धरलं तर किलोमागे ६० मिलिग्रॅम. किलोमागे २० च्या पुढे पोट बिघडतं आणि ६० च्या पुढे जिवाला धोका. म्हणजे अगदी उंबरठ्यावर. तुम्ही आकडा सांगितलात तेव्हा माझ्या डोक्यात हाच गुणाकार चालला होता.

उलट्या थांबून ती खेळायला लागली, यावरच डॉक्टर सावध झाले असणार. पहिल्या सहा तासांत लोह आतड्याचं अस्तर भाजतं, म्हणून उलट्या, जुलाब, कधी रक्तही. मग त्रास ओसरतो आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. पण त्याच वेळात लोह रक्तातून पेशींमध्ये शिरत असतं. नंतर बीपी कोसळू शकतं, दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं. प्रत्येकाचं असं होतंच असं नाही, पण कोणाचं होणार हे मूल खेळतंय यावरून ठरत नाही. त्यासाठी चार ते सहा तासांनी रक्तातलं लोह तपासतात आणि पोटाचा एक्स-रे काढतात. न विरघळलेल्या गोळ्या त्यात ठिपक्यांसारख्या दिसू शकतात. गोळ्या शिल्लक असतील तर नाकातून नळी घालून पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणाने आतडी धुतात. विषबाधा गंभीर असेल तर शिरेतून डेफेरॉक्सामिन देतात. ते लोहाला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं, लघवी तांबूस होते. यातलं काहीही माझ्या दुकानात होण्यासारखं नाही.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. फक्त "कोळसा सगळं विष शोषतो" हे वाक्य रिव्ह्यूमधून तेवढं काढा. उद्या दुसऱ्या कोणाच्या मुलाने अशाच गोळ्या खाल्ल्या आणि त्यांनी हे वाचलं, तर ते १०८ ला फोन करायचं सोडून कोळसा शोधत फिरतील.