नाव बदललं की रंग बदलणारं एका ओळीचं सूत्र: त्यातलं किती खरं?

एक्सेलमधल्या यादीला रंगीत पट्टे द्यायला असा सल्ला दिला जातो: «ग्राहकाचं नाव बदललं की पट्ट्याचा रंग बदलायला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये फक्त =$B2<>$B1 टाका. वेगळा कॉलम लागत नाही, आणि यादी कशीही असली तरी चालतं.»

पहिला दावा साफ चुकीचा आहे. अंबडच्या एखाद्या खोके कारखान्याची डिलिव्हरी यादी घ्या. ग्राहक B कॉलममध्ये आहेत: ओळी २ ते ४ जाधव, ५ आणि ६ पवार, ७ ते ९ शिंदे. हे सूत्र फक्त २, ५ आणि ७ या ओळी रंगवेल. प्रत्येक ओळ आपल्या वरच्या ओळीपेक्षा वेगळी आहे का, एवढंच ते विचारतं. आपण कितव्या गटात आहोत हे त्याला कळायला मार्गच नाही. गटांमध्ये रेघ मारायला ते छान आहे, पट्ट्यांना नाही.

पट्ट्यांसाठी वरच्या ओळीचं उत्तर खाली यायला हवं. म्हणून E2 मध्ये हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=IF(B2=B1,N(E1),1-N(E1))
```

नाव तेच असेल तर वरचाच आकडा राहतो, बदललं तर १ चा ० किंवा ० चा १ होतो. E1 मध्ये शीर्षक असतं, त्याला N() शून्य मानतं. ते नसेल तर तिथेच #VALUE! येतं. वरच्या यादीत १,१,१,०,०,१,१,१ मिळतात. मग A2 पासून यादी निवडून नियमात =$E2=1 द्या. डॉलर फक्त E च्या आधी हवा, आणि निवड दुसऱ्या ओळीपासूनच सुरू व्हायला हवी. ती A1 पासून केली तर रंग एक ओळ वर सरकतो.

वेगळा कॉलम लागत नाही, हे मात्र खरं आहे, पण त्या सूत्राने नव्हे:

```
=MOD(SUMPRODUCT(--($B$2:$B2<>$B$1:$B1)),2)=1
```

हे प्रत्येक ओळीसाठी वरची सगळी नावं पुन्हा तपासतं. शंभर-दोनशे ओळींना काही वाटत नाही. हजारो झाल्या की स्क्रोल करताना शीट अडखळतं. मी E कॉलमच ठेवतो आणि लपवतो. त्याची खोट एकच: मधली ओळ डिलीट केली की खालच्या ओळीत #REF! येतं आणि तिथून खालचे सगळे पट्टे नाहीसे होतात. सूत्र वरून पुन्हा ओढलं की ते परत येतात.

'यादी कशीही' हे तर अजिबात धरू नका. क्रम तारखेचा असेल तर जाधव तीनदा येतील आणि तीन वेगळे पट्टे पडतील, म्हणून आधी नावाने सॉर्ट करा. एकाच ग्राहकाचा पट्टा मध्येच तुटला, तर नावामागे बहुधा स्पेस आहे. =LEN(B5) आणि =LEN(B6) चे आकडे जुळत नसतील तर शंका खरी. अशा वेळी E2 मधल्या सूत्रात B2 आणि B1 ऐवजी TRIM(B2) आणि TRIM(B1) घाला.