गोल बाल्कनी पाडायची की वाचवायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

«मी सांगलीत बांधकामाची कामं घेतो. वाड्याला वारसा म्हटलं तर पटतं, पण १९३५-४० च्या गोल बाल्कन्यांच्या बिल्डिंगा म्हणजे नुसतं जुनं सिमेंट. आमच्या पेठेतल्या अशाच एका बाल्कनीचे पापुद्रे रस्त्यावर पडतात. माणूस दगावल्यावर वारसा जपणार का? पाडा आणि नवीन बांधा.»

नमस्कार साहेब. पापुद्रे पडत असतील तर खालचा रस्ता आजच अडवायला हवा, त्यात वाद नाही. वारशाचं म्हणाल, तर मुंबईत ओव्हल मैदानासमोरच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या अशाच इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि त्याही सिमेंट-सळईच्याच आहेत. पण तुमचा खरा मुद्दा धोक्याचा आहे, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

बाल्कनी भिंतीतून बाहेर झुकलेली असते, त्यामुळे तिची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते. खालून पापुद्रे पडलेले दिसतात, ती बहुतेक वेळा वाटणीची सळई गंजलेली असते. ते दुरुस्त करावंच लागतं, पण बाल्कनी कोसळते ती वरून, भिंतीलगतच्या रेघेत. तिथं फरशीखाली पाणी मुरत राहतं आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून आधी खालून टेकू द्या, तेही थेट जमिनीपर्यंत. खालच्या मजल्याच्या बाल्कनीवर टेकवून थांबू नका. मग भिंतीलगत दोन-तीन ठिकाणी फरशी काढून वीतभर जागा उघडा.

सळई घासून स्वच्छ करा आणि कॅलिपरनं मोजा. १२ मिमीची सळई १० मिमी भरली तर फरक किरकोळ वाटतो, पण लोखंड जवळजवळ ३० टक्के गेलेलं असतं. तिथंच काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलीनचं द्रावण फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय. सळईच्या मागेपर्यंत रंगच आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ते संरक्षण संपवलंय. सांगलीला समुद्राचा खार नाही, त्यामुळे इथं मुख्य शत्रू हाच, आणि त्याच्या जोडीला मुरणारं पाणी.

आता वजनाचा हिशोब करू. समजा बाल्कनी ४ फूट बाहेर आहे आणि स्लॅब ५ इंची. तिचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३१० किलो. पुढे कुणीतरी गळती थांबवायला ४ इंची ब्रिकबॅट कोबा घातला, तर आणखी सुमारे २०० किलो वाढले. त्यावर बाल्कनी बंद करायला कडेवर विटांची भिंत आणि खिडकी आली, तर ते वजन अगदी टोकाला बसतं आणि सळईवर तेवढ्याच पसरलेल्या वजनाच्या दुप्पट ताण देतं. मूळ बांधणाऱ्यानं हे वजन धरलेलंच नव्हतं. म्हणून दुरुस्तीचं पहिलं काम कोबा आणि भिंत हटवणं हे आहे, आणि ते टेकू लावल्यानंतरच.

सळई बरीचशी शाबूत असेल तर तिच्या मागे २०-२५ मिमी मोकळं होईल इतकं काँक्रीट फोडा. गंज संपून स्वच्छ लोखंड लागलं, की त्यापुढेही दोन इंच जा. अर्धवट फोडून गिलावा मारला तर नवा भाग टिकतो आणि त्याच्या शेजारचा जुना भाग आधीपेक्षा लवकर गंजतो. दोन पावसाळ्यांत ठिगळाभोवती पुन्हा भेग दिसली, की कारण बहुधा हेच. आणखी एक गोष्ट: त्या काळच्या सळ्या गुळगुळीत आहेत, त्यांची पकड टोकाला वाकवलेल्या आकड्यांवर बरीच अवलंबून असते. मधूनच सळई कापून नवा तुकडा जोडला तर ती पकडच जाते. जोडसळई भिंतीच्या पलीकडे, खोलीच्या स्लॅबमध्ये किमान बाल्कनी जेवढी बाहेर आहे तेवढी नेली पाहिजे, आणि ही लांबी स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच ठरवायची.

भिंतीलगतची मुख्य सळईच गेली असेल तर ती बाल्कनी तोडून नव्यानं ओतावी लागेल, हे मान्य. पण तेवढीच, त्यासाठी अख्खी इमारत पाडायचं कारण नाही. मात्र हातोडा लावण्याआधी कडेच्या गोलाईचे आणि कडेवरच्या आडव्या पट्ट्यांचे पत्र्याचे साचे कापून घ्या, निदान तीन जागी. गोलाई सगळीकडे सारखी नसते. याच टप्प्यावर बहुतेक कामं बिघडतात: सळईवरचं काँक्रीटचं कव्हर वाढवण्यासाठी कड जाड करतात, मग पट्ट्या बुजतात आणि बाल्कनी ठोकळ्यासारखी दिसते. जादा कव्हर तळाच्या मागच्या भागात घ्या, कड मूळ जाडीचीच ठेवा.

आणि तळाला कडेपासून दोन बोटं आत पाणी तोडणारी खाच असते, ती नव्या गिलाव्याखाली बुजू देऊ नका. ती बुजली की पाणी तळावरून सरकत भिंतीपर्यंत जातं आणि पापुद्रे पुन्हा सुटायला लागतात. पेठेतल्या त्या बाल्कनीपासून थोडं लांब उभं राहून आधी एवढंच बघा: खाच दिसते का, आणि वर पाणी जायची नळी मोकळी आहे का.