पडवीत चकचकीत लादी दिली, ती चूक आमची

★☆☆☆☆
"गावच्या घराला या दुकानातून व्हिट्रिफाइड लादी घेतली. पहिल्याच पावसात आई पडवीत घसरून पडली, मनगट मोडलं. शेजाऱ्यांकडे कोटा आहे, काकांकडे तीस वर्षांचं मोझॅक आहे, तिथे कुणी पडत नाही. कोटा स्वस्तही पडला असता. पूर्ण घराला महागडी, घसरडी लादी गळ्यात मारली."

दुकानमालकाचं उत्तर

ताई, आईंचं प्लास्टर कधी निघतंय ते आधी कळवा. तुमचे फोटो पाहिले आणि परवा आमचा माणूस जाऊन जागाही बघून आला. पडवीची चूक आमची आहे. हॉलला निवडलेली चकचकीत लादीच पडवीलाही लिहून दिली, आणि पागोळ्यांचं पाणी आत येतं का, हे आम्ही विचारलंच नाही. कोकणात हा प्रश्न दुकानदारानेच विचारायला हवा.

मात्र "कोटा असता तर पडल्या नसत्या" हे अर्धंच खरं आहे. शेजाऱ्यांच्या पडवीतला कोटा नीट पाहा, त्याला पॉलिश नाही. खाणीतून निघतो तसा खरखरीत दगड आहे, हात फिरवला तर बारीक खळगे लागतात. पाय पडला की पाणी त्या खळग्यांत सरकतं आणि टाच दगडाला टेकते. गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याला सरकायला जागा नसते, टाच पाण्याच्या पापुद्र्यावरच राहते आणि निसटते. त्यात अंगणातली तांबडी माती बारीक होऊन मिसळली की साबणासारखं होतं. तोच कोटा मशीन लावून आरशासारखा केला, तर ओल्या पायाला तुमच्या लादीइतकाच घसरतो. काकांचं मोझॅक हॉलमध्ये आहे आणि तीस वर्षांच्या वावराने त्याची चमक उतरली आहे. नव्याने पॉलिश करून पडवीत घातलं असतं तर तेही भरवशाचं नव्हतं. म्हणजे घसरणं आधी वरच्या घासाईवर ठरतं, दगडाचं नाव त्यानंतर.

व्हिट्रिफाइडमध्ये एक गोष्ट मात्र जास्तीची आहे. ती पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मिरगाच्या आसपास बाहेरची दमट हवा थंड जमिनीला लागते आणि लादीला घाम सुटतो, तो तिथेच थेंबाथेंबाने बसून राहतो. पाऊस नसतानाही जमीन ओली दिसते ती यामुळे. खरखरीत कोटा त्यातलं थोडं पिऊन घेतो. व्हिट्रिफाइडच हवी असेल तर पडवीला मॅट, खरखरीत लादी घ्यायची आणि खोक्यावर आर-११ लिहिलंय का ते पाहायचं. आर-९ हा न घसरण्याच्या त्या मापातला सगळ्यात खालचा दर्जा आहे. ही चाचणी बूट घालून, तेल सांडलेल्या उतारावर करतात. आपण पडवीत अनवाणी फिरतो, म्हणून निव्वळ आकड्यावर विसंबू नका. दुकानात लादीवर तांब्याभर पाणी ओता आणि चप्पल काढून उभ्या राहा.

आता पैशांचं. सध्या आमच्याकडचा हिशेब चौरस फुटाला असा आहे: चकचकीत व्हिट्रिफाइड लादी ५५ आणि माल-मजुरी ५०, मिळून १०५ रुपये. कोट्याचा दगड ४५, माल-मजुरी ५०, पण वर पॉलिशचे २५, म्हणजे १२०. मोझॅकची लादी ४५, माल-मजुरी ५०, पॉलिश ३५, म्हणजे १३०. दगडाचा भाव ऐकून कोटा स्वस्त वाटतो, पॉलिशवाल्याचं बिल नंतर येतं. तुमच्या आतल्या ७०० फुटांना पॉलिशचा कोटा घातला असता तर साडेदहा हजार जास्त लागले असते. पडवीचं गणित मात्र उलटं आहे. २० बाय ६ म्हणजे १२० फूट, खरखरीत कोट्याला पॉलिश नको, ९५ रुपयांप्रमाणे ११,४०० झाले असते. आम्ही तुमच्याकडून १२,६०० घेतले. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आतली लादी मात्र काढू नका, असं माझं प्रामाणिक मत आहे. तुमच्याकडे आगळ काढतात, चिंच-कोकम रोजचं. कोटा म्हणजे चुन्याचा दगड आणि मोझॅकमध्ये सिमेंट नि संगमरवराची खडी, दोघांनाही आंबट चालत नाही. आगळाचा थेंब तासभर राहिला तर पॉलिश खाऊन पांढुरका डाग पडतो, तो पुसून जात नाही, घासूनच काढावा लागतो. व्हिट्रिफाइडला त्याने काही होत नाही. शिवाय राहत्या घरात पॉलिशचं मशीन फिरवलं की राखाडी चिखल भिंतीवर दोन फूट उडतो. मोझॅक पॉलिश करणारे जुने हातही आता आमच्या भागात मोजकेच उरलेत.

टिकण्याच्या बाबतीत काकांच्या मोझॅकला मी मान देतो. ते आणि कोटा घासून पुन्हा नवे करता येतात, व्हिट्रिफाइड एकदा फुटली की बदलावीच लागते आणि दोन वर्षांनी तोच रंग मिळेल याची खात्री नसते. म्हणून उरलेलं खोकं माळ्यावर ठेवा. एक तपासणीही करून घ्या: रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक लादीच्या चारही कोपऱ्यांवर टकटक करा. ठस्स आवाज आला तर खाली माल भरलेला आहे. डबडब वाजली तर पोकळ आहे, आणि तिथे वरवंटा पडला की तडा जाणार. गवंडी आम्हीच पाठवला होता, त्यामुळे पोकळ निघालेल्या लाद्या आम्ही बदलून देऊ.

त्याच गवंड्याची आणखी एक चूक फोटोत दिसली. खांबाजवळ पाणी साचलंय. सहा फूट रुंदीला बाहेरच्या बाजूला निदान पाऊण इंच ढाळ हवा होता, आमच्या माणसाने लेव्हल लावली तर जेमतेम पाव इंच भरला. आई नेमक्या तिथेच घसरल्या. ढाळ नसेल तर खरखरीत कोट्यावरही शेवाळ धरतं, आणि शेवाळावर कुठलाच दगड पाय धरत नाही.

पडवीची लादी उखडून, ढाळ नीट काढून खरखरीत कोटा बसवून देतो. दगड, मजुरी, राबिट उचलणं सगळं आमचं. आहे त्या लादीवर कोटा चढवू नये, दगड इंचभर आणि खालचा माल दीड इंच, पडवी उंबऱ्याच्या वर जाऊन पाणी माजघरात येईल. हे काम भर पावसात होणार नाही, दसऱ्यानंतर उघडीप मिळाली की चार दिवसांत करू. नंतर आठवड्यातून एकदा खराट्याने घासा. शेवाळ दिसलं तर ब्लीचिंग पावडर चालेल, संडासाचं अॅसिड कोट्यावर अजिबात नको.

गणपतीला घर भरेल, तोवर दारापासून न्हाणीपर्यंत जाळीदार रबरी मॅट टाका. ती उद्या आमच्या टेम्पोतून येतेय, पैसे देऊ नका. चिकटपट्ट्या मारू नका, ओल्या लादीवर त्या धरत नाहीत आणि सुटलेल्या टोकात पाय अडकतो. टेम्पोतच कोट्याचे दोन तुकडे पाठवतोय, एक अगदी खरखरीत, एक किंचित घासलेला. आईंच्या टाचांना भेगा असतील तर पहिला बोचेल. दोन्ही ओले करून, तुमचा हात धरून त्यांना उभं करा आणि त्या म्हणतील तो मला फोनवर सांगा.